सुसम चतुष्फलकाचं घनफळ: पायाच्या त्रिकोणाच्या उंचीपासून सुरुवात

प्रश्न: मुलीला शिकवताना अडलोय. सुसम चतुष्फलकाची कड ६ सेमी दिली आहे, घनफळ काढायचं आहे. पायाच्या त्रिकोणाची उंची काढली, ३√३ आली. तीच उंची धरून १/३ × पायाचं क्षेत्रफळ × उंची केलं तर बरोबर २७ घसेमी येतं. मागे दिलेलं उत्तर मात्र १८√२ आहे. माझं कुठे चुकतंय? आणि सूत्र पाठ न करता हे पायरीपायरीने कसं काढायचं?

उत्तर:

तुमची ३√३ ही उंची बरोबर आहे, फक्त ती दोनदा वापरली गेली आहे. पहिल्यांदा, पायाचं क्षेत्रफळ काढताना, ती योग्य जागी होती. दुसऱ्यांदा घनाकृतीची उंची म्हणून जी घातली, ती या आकृतीची लंब उंची नाही, तिरकस उंची आहे. चारही पृष्ठं सारखीच असल्यामुळे पायाच्या त्रिकोणाची उंची आणि बाजूच्या त्रिकोणाची उंची एकच येते, ३√३. पण बाजूचा त्रिकोण उभा नसतो, आतल्या बाजूला कललेला असतो. त्यामुळे त्याच्या अंगावरून मोजलेली उंची जमिनीपासून शिखरापर्यंतच्या सरळ उंचीपेक्षा जास्तच भरणार.

२७ या उत्तराचा धोका असा की ते फार नीटनेटकं दिसतं. कड कुठलीही घ्या, ही चूक केली की उत्तर कडेच्या घनाचा आठवा भाग येतं: कड ६ असेल तर २१६ चा आठवा भाग २७, कड ४ असेल तर ८, कड १० असेल तर १२५. करणी गायब, कड सम असेल तर पूर्णांक हातात, म्हणून मुलांना वाटतं की जमलं. खरं उत्तर यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी लहान असतं. फरक एवढा थोडा की आकड्याकडे बघून शंका येत नाही.

आता क्रमाने करू. पायाच्या शिरोबिंदूंना अ, ब, क म्हणू आणि वरच्या शिखराला ड. बाजू बक चा मध्यबिंदू म. शिखरातून पायावर सरळ खाली सोडलेला लंब जिथे टेकतो तो बिंदू ग. एक कच्ची आकृती काढून ही पाच-सहा अक्षरं तिच्यावर टाका, कारण पुढचं सगळं गणित यांच्यातल्या दोन काटकोन त्रिकोणांवर उभं आहे. एक त्रिकोण पायात पडलेला आहे, दुसरा पायावर उभा आहे. एकाची बाजू दुसऱ्यात गेली की गोंधळ झालाच म्हणून समजा.

पडलेला त्रिकोण आधी. अ पासून म पर्यंत रेषा काढली की समभुज त्रिकोणाचे दोन सारखे भाग होतात. त्यातल्या अमब या त्रिकोणात म पाशी काटकोन आहे, कर्ण अब म्हणजे ६ आणि एक बाजू मब म्हणजे ३.

अम² = ६² − ३² = ३६ − ९ = २७, म्हणून अम = √२७ = ३√३, साधारण ५.२ सेमी.

क्षेत्रफळ = ½ × ६ × ३√३ = ९√३ चौसेमी, साधारण १५.५९.

इथपर्यंत तुम्ही आलाच आहात. इथेच √३ = १.७३ घालून दशांश चिन्हात उतरायचा मोह होतो. उतरू नका. पुढच्या पायरीत या करणीचा वर्ग होणार आहे आणि ती आपोआप निघून जाणार आहे. दशांशात उतरलात तर ३.४६ चा वर्ग ११.९७ असले आकडे घेऊन पुढे जावं लागतं, आणि शेवटी उत्तर मागच्या उत्तराशी जुळत नाही तेव्हा चूक पायरीत आहे की पूर्णांकनात आहे तेच कळत नाही.

आता खरी नाजूक जागा: ग हा बिंदू नेमका कुठे आहे? मुलांना ‘मध्यात’ असं सांगितलं की ती अम च्या मध्यावर खूण करतात. तो मध्य इथे चालत नाही. का ते नुसतं सांगण्यापेक्षा शोधू दिलेलं बरं.

शिखर ड पासून अ, ब आणि क सारख्याच अंतरावर आहेत, तिन्ही ६ सेमी. डगअ, डगब, डगक हे तीन उभे काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. तिघांचा कर्ण ६, आणि डग ही बाजू तिघांना सामाईक. म्हणजे त्यांची उरलेली बाजूही सारखीच असणार: गअ = गब = गक. पायाच्या तिन्ही टोकांपासून सारख्या अंतरावरचा बिंदू म्हणजे परिवर्तुळाचा केंद्रबिंदू. समभुज त्रिकोणात परिकेंद्र आणि मध्यगांचा छेदनबिंदू एकाच जागी येतात, म्हणून ग हा पायाचा गुरुत्वमध्यही आहे आणि तो अम वरच पडतो.

आता तो अम चे कसे भाग करतो? मध्यगांचा छेदनबिंदू २:१ असे भाग करतो हे प्रमेय मुलांनी पाठ केलेलं असतं, पण या आकृतीत ते क्षेत्रफळावरून चटकन दिसतं. ग ला अ, ब, क शी जोडा. पायाचे तीन एकरूप त्रिकोण झाले, म्हणजे प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोठ्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा तिसरा हिस्सा. गबक आणि अबक या दोघांचा पाया बक एकच आहे. पाया तोच आणि क्षेत्रफळ एक तृतीयांश, तर उंचीही एक तृतीयांश. म्हणून

गम = ⅓ × ३√३ = √३, आणि उरलेला अग = २√३, साधारण ३.४६ सेमी.

हे दोन तुकडे आकृतीत लिहून ठेवा. लहान तुकडा बाजूकडचा, मोठा तुकडा शिरोबिंदूकडचा.

मग उभा त्रिकोण अगड. ग पाशी काटकोन, कर्ण अड म्हणजे चतुष्फलकाची कड ६, जमिनीवरची बाजू अग म्हणजे २√३.

डग² = ६² − (२√३)² = ३६ − १२ = २४, म्हणून डग = √२४ = २√६, साधारण ४.९ सेमी.

ही खरी उंची. तुमच्या ५.२ च्या तुलनेत तीन मिलिमीटर कमी.

घनफळ = ⅓ × ९√३ × २√६ = ६√१८ = ६ × ३√२ = १८√२ घसेमी, साधारण २५.४६.

√१८ पाशी थांबू नका. √३ × √६ = √१८ = ३√२ हे करायचं विसरल्यामुळे ६√१८ लिहून ‘माझं उत्तर जुळत नाही’ म्हणणारी मुलं बरीच असतात. त्यांचं उत्तर बरोबर असतं, सोपं रूप दिलेलं नसतं एवढंच.

पडताळा हवा असेल तर तीच उंची दुसऱ्या उभ्या त्रिकोणातून काढा, आणि इथे तुमच्या तिरकस उंचीला तिची योग्य जागा मिळते. त्रिकोण डगम मध्ये काटकोन ग पाशीच आहे, पण कर्ण डम आहे, म्हणजे बाजूच्या पृष्ठाची उंची ३√३. जमिनीवरची बाजू गम, म्हणजे √३.

डग² = २७ − ३ = २४.

पुन्हा २४ च. दोन्ही वाटा एकाच उंचीवर येतात, पण त्यांची सामग्री वेगळी आहे: कर्ण कड असेल तर जमिनीवर दोन तृतीयांश भाग घ्यायचा, कर्ण तिरकस उंची असेल तर एक तृतीयांश. परीक्षेत मार्क जातात ते बहुधा या जोड्यांची अदलाबदल झाल्यामुळे. कड ६ आणि गम √३ घेतलं तर ३६ − ३ = ३३, उंची ५.७४. आणि अम च्या निम्म्यावर ग धरला तर ३६ − ६.७५ = २९.२५, उंची ५.४१.

या दोन्ही चुका उत्तरपत्रिका न बघता पकडता येतात. तीन लांब्या उतरत्या क्रमाने लिहा: कड, तिरकस उंची, लंब उंची. डगम मध्ये डम हा कर्ण आहे, म्हणून लंब उंची तिरकस उंचीपेक्षा लहान असलीच पाहिजे. ६, ५.२, ४.९ हा क्रम बरोबर. ५.७४ किंवा ५.४१ आलं की ते ५.२ च्या वर गेलं, म्हणजे ग ची जागा चुकली. यासाठी कॅल्क्युलेटरही लागत नाही, वर्गांची तुलना पुरते: ३६, २७, २४.

दुसरी खूण करणीची. कड पूर्णांक असेल तर सुसम चतुष्फलकाच्या घनफळात शेवटी √२ उरतो, दुसरं काही नाही. √३ उरला तर बहुतेक उंचीच्या जागी सरळ कडच घातली गेली आहे. कड ६ साठी ती चूक १८√३ देते, आणि १८√२ च्या इतकी जवळची दिसते की घाईत तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटावी. करणी अजिबात उरली नाही तर तिरकस उंची घातली आहे, जसं तुमच्या २७ मध्ये झालं. √११ किंवा √३९ असलं काही निघालं तर ग ची जागा चुकली आहे. ही खूण एक चूक मात्र पकडत नाही: √२ उरला पण पुढचा आकडा वेगळा. तिथे ½ किंवा ⅓ पैकी एखादा गुणक राहिलेला असतो. ५४√२ आलं तर ⅓ राहिला, ३६√२ आलं तर पायाच्या क्षेत्रफळातला ½ राहिला.

आणि २७√२ आलं तर? तर ⅓ च्या जागी ½ घातला आहे. ही चूक करणाऱ्या मुलाला रागावू नये, कारण तो मोठ्या माणसाच्या पंगतीत बसलाय. आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात अगदी आपल्याच क्रमाने हे गणित मांडलं आहे. आधी त्रिकोणाचं क्षेत्रफळ, निम्मा पाया गुणिले लंब. मग त्या क्षेत्रफळाला उंचीने गुणून त्याचं निम्मं, आणि ते सहा कडांच्या घनाकृतीचं, म्हणजे ‘षडश्रि’चं घनफळ. शब्द किती नेमका आहे बघा: आपण चार फलकं मोजून चतुष्फलक म्हणतो, त्यांनी सहा कडा मोजल्या. त्रिकोणाला निम्मं, तर त्याच्यावर उभ्या केलेल्या टोकदार आकृतीलाही निम्मं, असं साधर्म्य तिथे दिसतं. पण निम्मं नव्हे, तृतीयांश हवा. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये सूचीसाठी तृतीयांशच सांगितला, आणि पुढे भास्कराचार्यांच्या लीलावतीतही तोच आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकातला ‘सूची’ हा शब्द त्याच घराण्यातला.

तृतीयांश का, याचं उत्तर मुलीने विचारलं तर तिला त्रिकोणी चिती दाखवा, म्हणजे खाली आणि वर तोच त्रिकोण असलेली सरळ उभी आकृती. योग्य दोन सपाट काप घेतले तर तिच्या तीन सूची होतात. तिघी दिसायला सारख्या नसतात, पण त्यातल्या कुठल्याही दोघींचे पाये आणि उंच्या जुळवून दाखवता येतात, म्हणून तिघींचं घनफळ सारखं. सुरणाच्या नाहीतर मुळ्याच्या जाड तुकड्याची त्रिकोणी चिती कापून हे करता येतं. काप नीट सपाट यायला सुरी पातळ हवी.

आता ग च्या जागेवर विसंबून न राहता १८√२ वेगळ्या बाजूने तपासायचं असेल तर घन घ्या. घनाच्या आठ कोपऱ्यांपैकी एक सोडून एक असे चार कोपरे निवडले आणि एकमेकांना जोडले, तर सहाही जोडरेषा घनाच्या पृष्ठांचे कर्ण असतात, म्हणून सहाही सारख्या. म्हणजे आत एक सुसम चतुष्फलक बसला. त्याच्या बाहेर घनाचे चार कोपरे उरतात. प्रत्येक कोपरा ही एक सूची आहे: पाया घनाच्या अर्ध्या पृष्ठाएवढा आणि उंची घनाच्या कडेएवढी, म्हणून ⅓ × ½, घनाचा सहावा भाग. असे चार गेले की सहातले दोन भाग राहिले, म्हणजे एक तृतीयांश. आपल्या चतुष्फलकाची कड ६ हा घनाच्या पृष्ठाचा कर्ण, म्हणून घनाची कड ६ ÷ √२ = ३√२. तिचा घन २७ × २√२ = ५४√२. त्याचा तिसरा भाग १८√२.

इथे तृतीयांश कोपऱ्यांच्या घनफळासाठी वापरला आहेच, पण गुरुत्वमध्य, तिरकस उंची, २:१ यातलं काहीच लागलं नाही. म्हणून उंचीच्या पायरीचा हा चांगला पडताळा आहे. फक्त शिकवायला आधी हा घ्यावा असं मला वाटत नाही. घनाची युक्ती सुसम चतुष्फलकापुरती लख्ख चालते आणि मग हात टेकते. पायाची उंची, ग, लंब उंची ही वाट पुढे इतर सूचींनाही उपयोगी पडते.

सूत्र हवंच असेल तर ६ च्या जागी a लिहून त्याच पायऱ्या करा:

```
पायाची उंची   = (√3/2) a
क्षेत्रफळ      = (√3/4) a²
अग            = (2/3)(√3/2) a = a/√3
डग² = a² − a²/3 = (2/3) a²
घनफळ = (√2/12) a³ ≈ 0.11785 a³
```

यातली चौथी ओळ लक्षात राहिली तरी पुरे: उंचीचा वर्ग हा कडेच्या वर्गाच्या दोन तृतीयांश. ३६ चे दोन तृतीयांश २४, झालं काम. √२/१२ पाठ करणाऱ्यांची एक अडचण अशी होते की दोन महिन्यांनी ते √३/१२ आठवतं की √२/१२ की √२/६, हे सांगता येत नाही. चौथ्या ओळीवरून अर्ध्या मिनिटात पुन्हा उभं करता येतं.

मुलीला ४.९ आणि ५.२ मधला फरक हाताने दाखवायचा असेल तर कार्डशीटचा नमुना करा. १२ सेमी बाजूचा समभुज त्रिकोण काढा: १२ ची रेघ, दोन्ही टोकांवरून कंपासने १२ चे कंस, जिथे छेदतील ते तिसरं टोक. तिन्ही बाजूंचे मध्य जोडले की आत ६ सेमीचे चार त्रिकोण तयार होतात. मधला पाया, बाकीचे तीन वर दुमडायचे. मोठ्या त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचे दोन अर्धे एकमेकांना येऊन मिळतात, म्हणून प्रत्येक बाजूच्या एकाच अर्ध्यावर चिकटवायची पट्टी ठेवा, एकूण तीन पट्ट्या. पाच-सहा मिलिमीटर रुंदी पुरते. दुमडण्याच्या रेषा शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून ओढा, नाहीतर जाड कागद घडीवर फाटतो किंवा घडी एक-दोन मिलिमीटर सरकते. चिकटवण्याआधी पायाच्या आतल्या बाजूवर अम काढून अ पासून साडेतीन सेमीवर ग ची खूण करा.

मग आधी पट्टी बाजूच्या पृष्ठावर टेकवून शिखरापासून पायाच्या बाजूच्या मध्यापर्यंत मोजा. ५.२ येईल. नंतर नमुना टेबलावर ठेवून शिखरावर एक पट्टी आडवी धरा आणि टेबलापासून तिच्या खालच्या कडेपर्यंत गुण्याने उभं मोजा. ४.९ च्या आसपास येईल. बऱ्याच प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आणि गुण्यांना शून्याच्या आधी काही मिलिमीटर कोरी जागा असते. ती तशीच टेबलावर टेकवली तर आपल्याला जो तीन मिलिमीटरचा फरक दाखवायचा आहे तोच चुकीचा येतो. कोरी जागा आधी मोजून वाचनात मिळवा, किंवा शून्य अगदी टोकावर असलेली स्टीलची पट्टी घ्या.

नमुन्यात रवा किंवा वाळू भरून घनफळ मोजायची कल्पना सुचेल. करायला हरकत नाही, पण तिच्यावर निकाल सोडू नका. घनफळात कडेचा घन येतो, त्यामुळे कडेतली चूक तिपटीने वाढते. ६ च्या जागी कड ६.१ झाली, म्हणजे फक्त एक मिलिमीटर जास्त, तर घनफळ २५.४६ वरून २६.७५ वर जातं. अजून थोडी वाढली, सव्वा मिलिमीटरच्या आत, की २७ होतंच. म्हणजे घडी जराशी सैल बसली तरी रवा तुमच्या चुकीच्या उत्तराच्या बाजूने साक्ष देईल. त्यात कार्डशीटची बाजू आतून दाबली की फुगते, आणि औषधाचा पाच मिलीचा चमचा दरवेळी सपाट भरतोच असं नाही. साडेपंचवीस की सत्तावीस, हा वाद रव्याने मिटत नाही. दुप्पट-तिप्पट चुका, म्हणजे ⅓ राहिला वगैरे, तेवढ्या मात्र रवा ठामपणे दाखवतो: ७६ मिली त्या नमुन्यात मावणारच नाही.

ही पद्धत कुठपर्यंत चालते तेही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. पाया ६ चा समभुज आहे पण वर जाणाऱ्या तिन्ही कडा ५ च्या आहेत, अशी सूची दिली तर पायाचं सगळं तसंच राहतं: उंची ३√३, क्षेत्रफळ ९√३, अग २√३. ग ची जागाही तीच, कारण वरचा युक्तिवाद फक्त तिन्ही कडा सारख्या असण्यावर टेकलेला होता, त्या ६ असण्यावर नाही. बदलतो फक्त कर्ण.

डग² = २५ − १२ = १३, घनफळ = ⅓ × ९√३ × √१३ = ३√३९, साधारण १८.७३ घसेमी.

इथे √२ ची खूण लागू होत नाही, ती सुसम आकृतीपुरतीच होती. आणि वरच्या कडा २√३ पेक्षा, म्हणजे ३.४६ पेक्षा, मोठ्या असाव्याच लागतात. कोणी कड ३ दिली तर ९ − १२ ऋण येतं. गणित चुकलेलं नसतं, तशी आकृतीच बनत नाही. तीन काड्या पायाच्या मध्यापर्यंतही पोचत नाहीत.

पायाच समभुज नसेल, समजा ६, ५, ५ असेल, आणि वरच्या तिन्ही कडा सारख्या असतील, तर लंब परिकेंद्रावर पडतो. पण परिकेंद्र आणि गुरुत्वमध्य आता वेगळे झालेले असतात, म्हणून दोन तृतीयांश वापरता येत नाही. अशा वेळी आधी पायाची परित्रिज्या काढायची: तिन्ही बाजूंचा गुणाकार भागिले क्षेत्रफळाची चौपट. या पायासाठी क्षेत्रफळ १२, म्हणून १५० ÷ ४८ = ३.१२५. अग च्या जागी ही त्रिज्या गेली की बाकी सगळं तेच. समभुज पायावर हेच सूत्र लावून बघा: २१६ ÷ ३६√३ = २√३, आपलाच अग.

वरच्या तिन्ही कडा एकमेकींपेक्षा वेगळ्या असतील तर लंब कुठे पडेल हे आधी सांगताच येत नाही आणि ही वाट तिथे संपते. त्यासाठी निर्देशक भूमिती घ्यावी लागते. मुलीच्या आत्ताच्या गणितांना ते लागणार नाही.